लॉट नंबर आणि मुकादमाची वही

हर्सूलमध्ये राहून मी बरीच वर्षं जालन्याला जात होतो. बियाण्याच्या एका गोदामात आधी टॅली क्लार्क होतो, नंतर लोडिंग सुपरवायझर झालो. बियाण्याच्या धंद्यात जालन्याचं नाव देशभर आहे, त्यामुळे काम भरपूर शिकायला मिळालं. पण हंगामात रात्री अकराला तिथून निघून घरी पोचायचं आणि सकाळी पुन्हा गाडी गाठायची, हे वयाच्या चाळिशीनंतर जमेना. त्यात समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि आमच्या शेजारच्या सावंगीला इंटरचेंज आला. जळगाव रोडने सावंगीकडे जाताना नव्या शेड दिसू लागल्या. त्यातल्याच एका गोदामात सुपरवायझरची जागा निघाली. माल ओळखीचा होता : कपाशी, मका, सोयाबीनचं बियाणं, आणि सोबत थोडी कीटकनाशकं.

मुलाखत फेब्रुवारीत झाली, ते बरं झालं. मेमध्ये कुणालाही असल्या गप्पा मारायला सवड नसते. समोर दोघे होते. एक पुण्याहून आलेले ऑपरेशन्सचे साहेब, दुसरे गोदामाचे जुने व्यवस्थापक. साहेबांनी शिक्षण, अनुभव वगैरे झटपट उरकलं आणि एक छापील कागद माझ्यापुढे सरकवला.

"हा मागच्या मोजणीचा उतारा. आमची स्टॉकची अचूकता किती, ते तुम्हीच सांगा."

कागदावर कपाशीच्या एकाच वाणाचे दोन लॉट होते. पहिल्या लॉटची संगणकावर ३१२ खोकी, प्रत्यक्षात ३००. दुसऱ्याची संगणकावर १८०, प्रत्यक्षात १९२. बेरीज दोन्हीकडे ४९२.

मी म्हणालो, "वाणाची बेरीज धरली तर शंभर टक्के. लॉट धरला तर या दोन ओळींपुरती शून्य."

"मग आम्ही कोणती धरावी?"

"किराणा मालाच्या गोदामात बेरजेवर भागलं असतं, सर. बियाण्यात लॉटच धरावा लागतो."

साहेबांना याचं कारण माहीत असणारच, पण ते त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. बियाण्याच्या प्रत्येक पाकिटावर लॉट नंबर आणि वैधतेची तारीख असते. उगवणीची चाचणी त्या लॉटची होते आणि मुदतही त्या लॉटलाच मिळते. दुकानदाराच्या बिलावर, त्याच्या साठा नोंदवहीत आणि पाकिटावर एकच लॉट असला पाहिजे. कृषी विभागाचा बियाणे निरीक्षक दुकानात आला की पहिल्यांदा हेच ताडून बघतो. बिलावर एक लॉट आणि मांडणीत दुसरा निघाला, तर तो त्या मालाची विक्री थांबवू शकतो. दुकानदार बिचारा म्हणतो, माल तर तुम्हीच पाठवला. पुढे शेतकऱ्याची तक्रार आलीच, तर कोणत्या लॉटचं बियाणं त्याच्या शेतात गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. बारा खोक्यांचा घोळ दिसायला लहान आहे. आमच्याकडे एका खोक्यात ४० पाकिटं असत, म्हणजे ४८० पाकिटं झाली. २०२५च्या हंगामात बीजी-२ कपाशीच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. त्या भावाने सव्वाचार लाखांहून जास्त रकमेचा माल चुकीच्या नावाने कुठेतरी पडलेला होता.

साहेबांनी पुढचा प्रश्न टाकला. "मग काय कराल? एन्ट्री मारून दोन्ही लॉट बरोबर करून टाकाल?"

बहुतेक गोदामांत हेच होतं. पहिल्यात बारा कमी, दुसऱ्यात बारा जास्त, समायोजनाची नोंद केली, सही झाली, विषय मिटला. कागद स्वच्छ होतो, पण चुकीचं बियाणं दुकानात तसंच राहतं. मी त्यांना सांगितलं की एन्ट्री सगळ्यात शेवटी. आधी ती बारा खोकी शोधायची.

शोधायची कशी, हे मी कागदावरच करून दाखवलं. पहिल्या लॉटची बारा खोकी कमी आहेत, म्हणजे ती प्रत्यक्ष बाहेर गेली पण बिल त्यांचं झालं नाही. दुसऱ्याची बारा जास्त आहेत, म्हणजे बिल त्यांचं झालं पण माल जागेवर राहिला. फरक दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून चोरी किंवा मोजणीतली चूक असण्याची शक्यता कमी. माल चढवताना एका लॉटच्या जागी दुसरा उचलला गेला असणार. मग मागची बरोबर आलेली मोजणी कधीची, ते बघायचं. त्या दिवसापासून आजपर्यंत दुसऱ्या लॉटची जेवढी बिलं निघाली ती काढायची आणि त्यांत बरोबर बारा खोक्यांची ओळ कोणत्या बिलात आहे ते पाहायचं. अशी दोन-तीनच बिलं निघतात. नाही निघाली तर सहा-सहाच्या किंवा आठ-चारच्या जोड्या लावून बघायच्या. त्या दुकानदारांना फोन करून एवढंच विचारायचं, "भाऊ, खोक्यावरचा लॉट नंबर वाचून दाखवा." पाच मिनिटांत उत्तर मिळतं. मग जुनं बिल दुरुस्त करून खऱ्या लॉटचं बिल द्यायचं किंवा माल परत मागवायचा, आणि त्यानंतर संगणकातली नोंद.

व्यवस्थापक इतका वेळ गप्प होते. आता म्हणाले, "आम्ही फोन केला होता. सिल्लोडकडच्या एका दुकानात सापडली ती. पण उचलली कशी गेली, ते अजून कळलं नाही."

मी म्हणालो, "गोदाम बघू द्या, मग सांगता आलं तर सांगतो."

मला वाटतं, मुलाखत खरी तिथून सुरू झाली. ऑफिसात बसून शेडमधली चूक सांगता येत नाही. आम्ही तिघे खाली उतरलो.

कपाशीच्या थप्प्या भिंतीकडेने लागल्या होत्या. दोन्ही लॉट एकमेकांना खेटून, मध्ये हातभरही जागा नाही. खोक्यावर लॉट नंबर एकाच बाजूला छापलेला, तोही बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत, आणि निम्म्या खोक्यांची ती बाजू भिंतीकडे. दोन्ही नंबर सुरुवातीला सारखेच, फरक फक्त शेवटच्या तीन आकड्यांत. दिवसा उजेडात मला वाचायला वाकावं लागलं. थप्पीवरचा दिवा बरोबर त्या कोपऱ्यात बंद होता. रात्री साडेनऊला हमालाला सांगायचं की त्या वाणाची बारा खोकी आण. तो जवळची बारा आणणार. त्यात त्याची चूक काय?

मी व्यवस्थापकांना विचारलं, "ती सिल्लोडची गाडी किती वाजता भरली होती?"

गेटचं रजिस्टर आणि चलान मागवलं. साहेबांना दुसरा प्रश्न गाड्यांच्या उशिरावरच विचारायचा होता, त्यामुळे दोन्ही विषय तिथेच एकत्र आले. कागदांवरून त्या गाडीच्या वेळा मी एकाखाली एक लिहून काढल्या. १७ फुटी आयशर गेटवर आली दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी. डॉकला लागली ५:२५ला. पहिलं खोकं चढलं ६:४०ला, शेवटचं ८:०५ला. बिल निघालं ९:२०ला आणि गाडी गेटबाहेर पडली ९:५०ला.

साहेबांनी विचारलं, "उशीर कुणामुळे?"

गोदामात या प्रश्नाचं एकच ठरलेलं उत्तर असतं : हमालांमुळे. पण आकडे वेगळंच सांगत होते. गाडी आत होती ५ तास ४० मिनिटं. त्यात हमालांनी खोकी चढवली ती फक्त १ तास २५ मिनिटं. उरलेले सव्वाचार तास गाडी कशाची ना कशाची वाट बघत उभी होती. गेटवर सव्वा तास गेला, कारण आधीची गाडी डॉकवरून हलली नव्हती. डॉकला लागल्यावर आणखी सव्वा तास गेला, कारण माल काढून ठेवलेलाच नव्हता. उचलायच्या मालाची यादी ऑर्डरच्या क्रमाने निघाली होती. गाडीला मात्र शेवटच्या गावाचा माल सगळ्यात आत, म्हणजे आधी भरावा लागतो. आळंद, सिल्लोड, पुढे गोळेगाव अशी गाडी जाणार असेल तर गोळेगावचा माल आधी चढला पाहिजे. यादी उलटी, म्हणून माल दोनदा काढला आणि दोनदा लावला. याच धांदलीत भिंतीकडच्या कोपऱ्यातून बारा खोकी उचलली गेली असणार.

तिसरा सव्वा तास माल चढल्यानंतरचा. बिल आधीच तयार होतं, पण चढलेल्या खोक्यांची संख्या एका वाणात बिलाशी जुळेना. मग बिल रद्द, नवं बिल, त्यावर पुन्हा सही. शिवाय त्या गाडीत कीटकनाशकंही होती. बियाण्याला ई-वे बिल लागत नाही, कीटकनाशकाला लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात एक लाखाच्या वर आणि राज्याबाहेर पन्नास हजारांच्या वर. सकाळी ट्रान्सपोर्टवाल्याने कळवलेली गाडी आलीच नव्हती, त्याने दुसरी पाठवली होती. ई-वे बिलाच्या भाग 'ब'मध्ये जुनाच नंबर होता. तसंच निघालं असतं तर रस्त्यात गाडी अडकण्याची भीती. नंबर बदलायला संगणकावर दोन मिनिटं लागतात, पण ते काम येणारा माणूस पाळी संपवून घरी गेला होता.

मी साहेबांना म्हणालो, "हमालांना ओरडून यातली दहा मिनिटंसुद्धा वाचणार नाहीत."

उशिराला बाहेरची कारणं असतात, हे मला मान्य आहे. कन्नडच्या औट्रम घाटातून जड वाहनांना खंडपीठाच्या आदेशाने ऑगस्ट २०२३मध्ये बंदी झाली. तेव्हापासून चाळीसगावकडचा जड माल शिऊर बंगला, नांदगाव असा फिरून जातो. त्या बाजूची गाडी संध्याकाळी लवकर सुटली नाही तर दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळी पोचत नाही. हे आपल्या हातात नाही. म्हणून जे हातात आहे त्याच्या वेळा लिहिल्या पाहिजेत. गेट, डॉक, पहिलं खोकं, शेवटचं खोकं, बिल, सुटका अशा सहा वेळा प्रत्येक गाडीच्या चलानच्या मागे लिहायच्या. आठवड्याभरात कोणती वाट बघणं रोजचं आहे ते आपोआप दिसतं. बियाण्यात तर याला फारच महत्त्व आहे, कारण गुलाबी बोंडअळीमुळे कपाशीचं बियाणं विकायच्या तारखा कृषी विभाग ठरवून देतो. त्या तारखांच्या आधी दुकानदाराकडे माल पाठवता येत नाही आणि नंतर सगळ्यांनाच एका वेळी हवा असतो. वर्षाचा निम्मा माल दोन-तीन आठवड्यांत बाहेर पडतो. तेव्हा एका गाडीचे सव्वाचार तास पुढच्या सगळ्या गाड्यांवर चढतात.

मग साहेबांनी तिसरा विषय काढला. "तीन पाळ्या आहेत आमच्याकडे हंगामात. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. दहा वाजता गाडी अर्धी भरलेली असली की रोज भांडण. काय कराल?"

बोलणं चाललं होतं तिथेच मुकादम मामा उभे होते. फुलंब्रीकडचे, साठीच्या आसपासचे. त्यांच्या खिशात एक वही होती. मी त्यांना विचारलं, "मामा, बघू का?" त्यांनी जरा अवघडून दिली.

वही साधी, दोनशे पानी, तेलकट झालेली. प्रत्येक पानावर तारीख, गाडी नंबर आणि पाच-पाचच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. त्याखाली बेरीज आणि टोळीतल्या माणसांची नावं. टोळीला मजुरी नगावर मिळते. किती खोकी चढवली, किती पोती उतरवली, त्यावर आठवड्याचा हिशोब. त्यामुळे या वहीतला आकडा चुकला तर मुकादमाला स्वतःच्या माणसांना तोंड द्यावं लागतं. म्हणून तो चुकत नाही. जालन्यात मी हे पुन्हा पुन्हा अनुभवलं आहे. संगणक, टॅली शीट आणि मुकादमाची वही यांत फरक आला, की शेवटी बहुतेक वेळा वहीच खरी निघते.

मी त्या गाडीची तारीख काढली. पानाच्या मध्यावर रेघ ओढून मामांनी दुसरी गाडी लिहिली होती आणि मग पुन्हा सिल्लोडची. म्हणजे गाडी भरताना मध्येच टोळी दुसरीकडे वळवली होती. मामा म्हणाले, "हो ना साहेब. सात वाजता सांगितलं, ती मोठी गाडी आधी रिकामी करा. आम्ही अर्धे तिकडं गेलो. मागं दोघं राहिले, नवीन पोरं. त्यांना कुठला लॉट कळतो."

उत्तर मिळालं. उलटी यादी, अंधारा कोपरा, भिंतीकडे तोंड केलेली खोकी, अर्धी फोडलेली टोळी आणि दोन नवी मुलं. एवढं जमल्यावर लॉट बदलला नसता तरच नवल.

पाळी बदलताना मी काय करतो, ते मी साहेबांना सांगितलं. पहिली गोष्ट, पाळी संपायच्या पाऊण तास आधी नवी गाडी डॉकला लावायची नाही, जी लागली आहे ती संपवायची. हंगामात हे रोज जमत नाही. मग अर्धी गाडी राहिलीच, तर दोन्ही मुकादम गाडीच्या मागच्या फाळक्यापाशी उभे राहून मोजतात. जाणाऱ्या टोळीने जिथपर्यंत भरलं तिथे गाडीच्या बाजूला खडूने रेघ मारायची, दोन्ही वह्यांत तोच आकडा लिहायचा आणि एकमेकांच्या वहीवर सही किंवा अंगठा घ्यायचा. मजुरीचं भांडण तिथेच मिटतं. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. डॉकसमोर काढून ठेवलेला, पण अजून न चढलेला माल. पाळी बदलते तेव्हा या मालाला कुणी वाली नसतो. येणारी टोळी त्याला परत आलेला माल समजून थप्पीला लावते, किंवा दुसऱ्याच गाडीत भरते. मोजणी करणारा त्याला स्टॉकमध्ये धरतो आणि बिल आधीच झालेलं असेल तर तेवढाच माल संगणकावर कमी दिसतो. म्हणून जमिनीवर पिवळ्या पट्ट्याने गाडीवार चौकोन आखायचे, आणि चौकोनात माल असेल तर त्यावर गाडी नंबरची चिठ्ठी असलीच पाहिजे. बिनचिठ्ठीचा माल दिसला की पाळी सुटायची नाही.

वहीलाही एक मर्यादा आहे, ती मी सांगितली. तिच्यात नग असतात, लॉट नसतो. जालन्यात आम्ही मुकादमाला वहीत आणखी एक उभा रकाना पाडून दिला होता. त्यात लॉटचे शेवटचे तीन आकडे लिहायचे. मुकादमाने सुरुवातीला कुरकुर केली, पण त्या रकान्यासाठी नगामागे थोडी वाढ मागितली आणि ठेकेदाराने दिली. रोज पाळी संपली की सुपरवायझरने वही आणि बिलं समोरासमोर ठेवायची. अर्धा तास लागतो. लॉटची चूक त्याच रात्री हाताला लागते, गाडी अजून वाटेत असते, दुकानदाराला माल उतरवण्याआधी सांगता येतं. महिन्याच्या मोजणीत ती सापडते तेव्हा पाकिटं शेतात पोचलेली असतात.

मोजणी मुळीच करायची नाही असं माझं म्हणणं नाही. रोज सकाळी डॉक उघडायच्या आधी चार-पाच थप्प्या मोजायच्या, ज्यांची हालचाल जास्त त्या आधी. मोजणाऱ्याला संगणकाचा आकडा सांगायचा नाही, नाहीतर तो आकडा डोळ्यांसमोर ठेवूनच मोजतो. थप्पी लांबी, रुंदी, उंची गुणून मोजली तर वरून हात घालून मध्ये पोकळी नाही ना हे बघायचं, कारण आतून खोकी काढली की बाहेरून थप्पी भरलेलीच दिसते.

साहेब थोडा वेळ थांबून म्हणाले, "आणि हमाल ऐकत नसतील तर?"

मी त्यांना सोयाबीनच्या थप्पीकडे नेलं. ३० किलोच्या पिशव्या होत्या. सोयाबीनच्या दाण्याची साल फार नाजूक असते, पिशवी उंचावरून आपटली की आतला अंकुर दुखावतो. वरून काही दिसत नाही. पेरल्यावर दिसतं. या बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते, आणि मुळातच ७४-७५ असलेला लॉट चार वेळा आपटला तर तेवढीही राहत नाही. २०२०च्या जूनमध्ये मराठवाड्यात सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारी झाल्या होत्या. आपल्याच खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली होती. त्या सगळ्याला आदळआपटच कारण होती असं मी म्हणत नाही, बियाणं मुळातही कच्चं असू शकतं. पण गोदामात आपल्या हाताने त्यात भर पडू नये, एवढं तरी आपल्याकडे आहे.

पिशवी आपटते कधी, हे मी बघत आलो आहे. पाळीच्या पहिल्या तीन तासांत कुणी आपटत नाही. माणूस पिशवी खांद्यावरून उतरवून ठेवतो. शेवटच्या दोन तासांत, मेच्या उकाड्यात, पत्र्याखाली, खांदा सोलवटलेला असताना तो ती सोडून देतो. आणि सगळ्यात जास्त कधी सोडतो? गाडीची वाट बघत तीन तास बसून राहिल्यावर. नगावर मजुरी असलेल्या माणसाला बसलेल्या वेळेचा एक पैसाही मिळत नाही. गाडी संध्याकाळी उशिरा लागली की आठ तासांची मजुरी त्याला तीन तासांत काढायची असते. मग तो धावतो, फेकतो, जवळचं खोकं उचलतो. ट्रकवाले म्हणतात, ज्याचा माल त्याचा हमाल. वाराई कुणी द्यायची यावर त्यांचं भांडण आहे आणि ते रास्त आहे. पण रिकाम्या वेळेचं कुणीच बोलत नाही.

म्हणून मी साहेबांना सरळ सांगितलं की मला तीन गोष्टी लागतील. टोळीची माथाडी मंडळात नोंद आहे का ते बघा. १९६९चा कायदा आपल्याच राज्यातला आहे. नोंद असेल तर मजुरी आणि लेव्ही मंडळात भरा, म्हणजे भविष्य निर्वाह आणि रजेचे पैसे त्यांच्या नावावर पडतील. दुसरं, पाळीच्या मध्यावर पिण्याचं गार पाणी आणि बसायला सावली, आणि सोयाबीनची थप्पी सात-आठ पिशव्यांच्या वर नाही, म्हणजे वर फेकावीच लागणार नाही. तिसरं, गाडीच्या उशिरामुळे टोळी दोन तासांच्या वर बसली तर त्या वेळेचा ठरलेला भत्ता.

"भत्ता दिला तर ते मुद्दाम बसतील," साहेब म्हणाले.

"नाही बसणार, सर. भत्ता नगाच्या मजुरीपेक्षा कमीच ठेवायचा. आणि तो कुणामुळे द्यावा लागला ते त्या सहा वेळांवरून कळेल. गाडी वेळेवर लावली नाही तर तो खर्च गेटच्या नावावर पडेल, यादी उशिरा दिली तर ऑफिसच्या. महिनाभर हा खर्च समोर दिसला की गाड्या आपोआप वेळेवर लागतील."

यावर त्यांनी लगेच काही उत्तर दिलं नाही. मुकादम मामा मात्र वही खिशात घालता घालता म्हणाले, "हे आधी कुणी विचारलं नव्हतं आम्हाला."

आठवड्याने व्यवस्थापकांचा फोन आला. नोकरी दिली. लॉटचे शेवटचे तीन आकडे खोक्याच्या दोन्ही बाजूंना मोठ्या स्टिकरवर लावायचं कबूल झालं. दोन लॉटमध्ये हातभर जागा सोडायची आणि कोपऱ्यातला दिवाही लावायचा, हेही मान्य झालं. माथाडी नोंदणीचे कागद ठेकेदाराकडे मागितले आहेत. बसून राहण्याचा भत्ता कपाशीच्या हंगामापुरता, मे आणि जून असे दोन महिने, बघण्यासाठी मंजूर झाला. मी तो सोयाबीनच्या पेरणीपर्यंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत वाढवून मागितला आहे. त्यावरचा निर्णय अजून पुण्याहून यायचा आहे.

या कामाच्या मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना माझं एक सांगणं आहे. तुम्हाला टक्केवारी विचारतील, सॉफ्टवेअरची नावं विचारतील, ती पाठ करून जा. पण खुर्चीवर बसण्याआधी शेड दाखवायला सांगा, एका गाडीच्या सगळ्या वेळा मागा आणि मुकादमाला त्याची वही मागा. जे गोदाम या तीन गोष्टी दाखवायला तयार नसेल, तिथली नोकरी घेऊ नका.